साखर वाढली, तरी तंबाखू सोडली ती सोडलीच

“तुम्ही कुठं बिडी-सिगरेट ओढत होता? नुसती तंबाखू खाल्ल्यानं पायाचं बोट कसं जाईल? आणि सोडल्यावर तर साखर वाढली म्हणे. मग सोडून मिळालं काय?”

लग्नात, तालमीच्या कट्ट्यावर, रंकाळ्यावर फिरताना, कुठंही कुणीतरी हे विचारतंच. दोन वाक्यांत उत्तर देऊन देऊन कंटाळलो, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

मी सिगरेट ओढत होतो. मधुमेह निघाला तेव्हा ती बंद केली आणि तंबाखू-चुन्यावर आलो. उद्यमनगरात लेथवर उभं राहणाऱ्याला ते सोयीचंही पडतं, दाढेत बार धरला की हात कामाला मोकळे. धूर बंद केला हे चांगलंच केलं, असं तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, तो खायच्या तंबाखूत नसतो. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याशी सिगरेटचा संबंध जितका पक्का आहे, तितका खायच्या तंबाखूचा नाही, हेही खरं. पण निकोटिन दोन्हीकडे तेच आहे. उलट चुन्यामुळं ते तोंडाच्या आतल्या कातडीतून सहज रक्तात उतरतं आणि बार दाढेत असेपर्यंत उतरतच राहतं. निकोटिन रक्तात गेलं की शरीर अॅड्रेनलिन सोडतं. त्यानं नाडी वाढते, लहान रक्तवाहिन्या आवळतात आणि इन्सुलिनचा असरही कमी होतो. ज्याच्या वाहिन्या मधुमेहानं आधीच अरुंद झाल्यात, त्याच्या पायाच्या टोकाला मग रक्त पोचायचं कसं?

आता बोटाचं सांगतो.

पुतण्याच्या लग्नात नवी कोल्हापुरी घातली होती. चांगली जाड, करकर वाजणारी. अंगठ्याला ती चावली. एरवी माणूस कळवळून चप्पल काढतो, पण मला काही कळलंच नाही, कारण तळव्यांची जाणीव केव्हाच बोथट झाली होती. रात्री घरी आल्यावर बायको म्हणाली, “अवो, फरशीवर रक्त कुणाचं?” माझंच होतं. हळद लावली, पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी बूट घालून कामावर गेलो. दुखत नव्हतं, म्हणजे फार लागलं नसेल, असा माझा हिशोब. मधुमेहात तो हिशोब उलटा आहे. न दुखणारी जखमच जास्त घातकी.

एका दवाखान्यात ड्रेसिंग चालू होतं. जखम वाढतही नव्हती आणि भरतही नव्हती. तिथं दर वेळी साखर बघायचे, गोळी बदलायचे, अँटिबायोटिक द्यायचे. पायात रक्त पोचतंय का, हे कुणी तपासलं नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शेवटी अंगठ्याचं टोक काळं पडायला लागलं, तेव्हा मुलगा मला दुसऱ्या डॉक्टरांकडं घेऊन गेला.

त्यांनी जखमेची पांढरट कडा पात्यानं हलकेच खरवडली आणि थांबून बघत राहिले. मीही वाकून बघत होतो. “काका, इथं रक्त यायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. आलं नाही. मग त्यांनी मला झोपवलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि तसाच घोट्याला बांधून घेतला. घोट्यावर नाडी ऐकायला डॉप्लरची पेनाएवढी कांडी लावली. दंडाला 140 आला, घोट्याला 88. खालच्या आकड्याला वरच्यानं भागायचं. 0.9 च्या खाली आलं तर पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असं समजतात. माझा 0.63. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: जुन्या मधुमेहात रोहिण्या कॅल्शियम साठून कडक होतात, मग पट्ट्यानं दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. तशी शंका असली की अंगठ्याचा दाब वेगळा मोजावा लागतो.

मग त्यांनी विचारलं, “चालताना पोटऱ्या भरून येतात? थांबलं की मोकळ्या होतात?” येत होत्या. रंकाळ्याला फेरी मारताना मी मध्येच कठड्यावर बसायचो, जरा वेळानं उठून परत चालायचो. वय झालं असं समजत होतो. तो पाय रक्त मागत होता.

मांडीच्या रोहिणीत फुगा घालून वाट मोकळी केली. अंगठा मात्र काढावा लागला. दाखल होतानाच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की तंबाखू चालू राहिली तर उघडलेली वाहिनी परत आवळेल आणि अंगठ्याच्या जागची जखमही भरणार नाही. ऑपरेशननंतर काही दिवसांनी ड्रेसिंगला त्यांनी पुन्हा कडा खरवडली आणि लाल थेंब वर आला. फुग्यामुळं की तंबाखू सुटल्यामुळं? दोन्ही एकदमच झालं, त्यामुळं श्रेय वाटून देता येत नाही. तंबाखू आधीच सोडली असती तर अंगठा वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

आता साखरेचं. हो, वाढली. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा 7.4 वरून 7.8 वर गेला आणि वजन चार किलोनं वाढलं. तोंड रिकामं राहवत नव्हतं, भूक वाढली होती, फुटाण्यांबरोबर बिस्किटंही जात होती. लोकांना हा आकडा तेवढा पाठ आहे. ब्रिटनमध्ये सिगरेट सोडलेल्या मधुमेहींची मोठी पाहणी झाली, ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षात हा आकडा सरासरी 0.21 नं वाढला आणि तिसऱ्या वर्षापर्यंत न सोडणाऱ्यांच्या बरोबरीला आला. म्हणजे वाढ होते, पण ती टिकून राहत नाही, आणि तेवढ्या काळात गोळ्या आणि जेवण बघून घेता येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र सुरुवातीला साखर जास्त वेळा तपासावी, कारण निकोटिन सुटलं की कातडीखालचं इन्सुलिन जास्त चांगलं शोषलं जाऊ शकतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते.

मी निकोटिनच्या च्युइंगमवर सोडली. तिथंही टोमणा आलाच, “तेच विष, दुसऱ्या पुडीत.” तेच आहे, पण मोजून, हळूहळू उतरणारं आणि आठवड्या-आठवड्यानं कमी करत नेण्याचं. ती नेहमीच्या गमसारखी चघळायची नसते. दोन-चारदा चावून जिभेला चरचरलं की गालात सारून ठेवायची, चव गेली की परत चावायची. दाढेत बार धरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. चहानंतर लगेच घेतली तर लागू पडत नाही, हे मला उशिरा कळलं. सरकारी हेल्पलाइन 1800-11-2356 फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं का ते आधी विचारून घ्या.

सोडून मिळालं काय? अंगठा परत आला नाही. तळव्यांची जाणीवही आली नाही, चप्पल चावली तरी मला आजही कळणार नाही, म्हणून रोज रात्री बायको बॅटरी घेऊन तळवे बघते. रोहिण्यांत साठलेलं धुऊन निघालं नाही. पण दुसरा पाय अजून शाबूत आहे. त्याचा आकडा 0.82 आहे, म्हणजे अडथळा तिथंही आहे, आणि तो डॉक्टर दर वर्षी मोजतात.

तुम्हाला साखर असेल आणि दाढेत बार असेल, तर मला तुमच्या साखरेचा आकडा सांगू नका. दंड आणि घोटा, दोन्हीकडचा दाब मोजून घ्या आणि मग या, बोलू.