काट्यावर वाळणारी पिठी

“तुम्ही मोदकांची पिठी घरी करता म्हणे. तांदूळ किती वेळ भिजवायचे, पावसात वाळवायचे कसे, आणि ती पिठी टिकते तरी किती दिवस?”

श्रावण लागला की आमच्या सोसायटीत हा प्रश्न दरवर्षी जिन्यात उभ्याउभ्या विचारला जातो आणि मीही उभ्याउभ्याच अर्धवट उत्तर देते. म्हणून यंदा नीट लिहून काढते आहे. तीन प्रश्नांपैकी खरा अवघड प्रश्न मधला आहे. भिजवणे सोपे आहे, चाळणे हा चिकाटीचा भाग आहे, पण कळव्यासारख्या खाडीकाठच्या गावात भाद्रपदाच्या तोंडावर तांदूळ खरोखर वाळले आहेत की वाळल्यासारखे दिसत आहेत, हे ओळखता आले नाही तर पुढचे सगळे बिघडते.

तांदूळ मी जांभळी नाक्यावरून आंबेमोहर आणते. तो नाही मिळाला तर इंद्रायणी आणते. इंद्रायणीच्या वंशात आंबेमोहर आहेच आणि तिचा चिकटपणाही पाऱ्यांना पुरतो. मोकळा शिजणारा कोलम किंवा लांब दाण्याचा बासमती एकटा वापरला तर उकड मळताना बरी वाटते, पण पारीच्या कडा फाटतात. वासासाठी बासमतीचा तुकडा हवाच असेल, तर तो चौथा हिस्सा घालावा, त्याहून अधिक नको. दाणे सुगंधी असोत वा नसोत, अखंड असण्याची गरज मात्र मुळीच नाही. शेवटी त्यांचे पीठच व्हायचे आहे, त्यामुळे स्वस्त पडणारा आंबेमोहर तुकडा उत्तम चालतो.

तांदूळ हलक्या हाताने चोळून तीन-चार पाण्यांतून धुवावेत आणि चार तास भिजत ठेवावेत. रात्रभर भिजवण्याची आमच्याकडेही पद्धत होती, पण दाणा जेवढे पाणी प्यायचे तेवढे पहिल्या एक-दोन तासांतच पितो. पावसाळ्यातल्या उबदार हवेत त्यानंतरचे तास केवळ आंबण्याच्या कामी येतात. पाण्यावर बारीक बुडबुडे दिसले किंवा ताकासारखा वास आला, तर मोदक शिजल्यावरही तो वास जात नाही. रात्रभर भिजवणे टळतच नसेल, तर झोपताना पाणी बदलून भांडे फ्रिजमध्ये ठेवावे.

कोरडे तांदूळ तसेच दळून आणले तर काय बिघडते, असेही मला विचारतात. कोरडा दाणा कठीण असतो. तो फोडायला दगडाला किंवा पात्याला जोर लावावा लागतो, पीठ तापते, त्यातला स्टार्चचा बराच भाग चिरडला जातो आणि तरीही हाताला रवाळ लागते. चिरडलेला स्टार्च पाणी फार ओढतो, त्यामुळे उकड एकीकडे चिकट आणि दुसरीकडे खरखरीत अशी विचित्र होते. भिजलेला दाणा मऊ पडतो आणि वाळताना त्याला आतून असंख्य बारीक चिरा पडतात. भिजवून वाळवलेला तांदूळ उजेडात धरून पाहिलात तर तो काचेसारखा राहिलेला नसतो, खडूसारखा पांढरा झालेला असतो. असा दाणा पूर्ण वाळला तरी ठिसूळच राहतो, आणि पिठीची तलमता त्या ठिसूळपणातून येते.

आता वाळवणे. काही वर्षांपूर्वी मी भिजवलेले तांदूळ पंचावर पसरून दीड दिवस पंख्याखाली ठेवले, मुठीत घेऊन पाहिले, हाताला ओल लागली नाही, म्हणून डबा भरून गिरणीत नेला. गिरणीवाल्याने पहिली ओंजळ टाकली आणि मोटरचा आवाज ऐकूनच कपाळाला आठ्या घातल्या. पिठी दगडाला लिंपत होती आणि खाली पापुद्रे पडत होते. त्याने पुढचे दळण थांबवून दगड साफ केला, मला दोन शब्द ऐकवले, आणि ते रास्तच होते. घरी आणलेल्या त्या गरम, दमट पिठीला पाचव्या दिवशी कुबट वास यायला लागला आणि डब्याच्या तळाशी करडे गोळे निघाले. सगळी टाकून दिली.

त्यानंतर हाताच्या अंदाजावर विसंबणे सोडून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरू लागले, आणि तेव्हा चूक कुठे होती ते कळले. गेल्या वर्षीचे आकडे वहीत आहेत. कोरडे तांदूळ 1 किलो. भिजवून, रोळीत तासभर निथळल्यावर 1 किलो 290 ग्रॅम. पंचावर एकेरी थरात पसरून पंख्याखाली तीन तास ठेवल्यावर 1 किलो 100 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 1 किलो 40 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी सकाळीही 1 किलो 40 ग्रॅम. पंखा रात्रभर चालू होता, पण काटा हलला नव्हता.

याचे कारण सरळ आहे. हवाच दमट असेल तर धान्य तिच्याशी समतोल साधून थांबते. झडीच्या दिवसांत तांदळात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी राहतेच आणि पंख्याने ते आणखी उतरत नाही. दळायला आणि टिकायला मात्र ते बारा-तेरा टक्क्यांवर यावे लागते. तांदूळ पोत्यातून येतात तेव्हा साधारण तेवढेच कोरडे असतात, म्हणजे वाळलेल्या तांदळाचे वजन मूळ वजनावर परत यायला हवे. धुताना वाहून गेलेली भुकटी धरली तर किंचित खालीच. एक किलोला 990 ग्रॅम ही माझी खूण आहे. वरचे ते 50 ग्रॅम हाताला लागत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि गिरणीच्या दगडाला मात्र लगेच कळतात.

हे शेवटचे 50 ग्रॅम काढायचे दोन मार्ग आहेत. घरात एसी असेल तर ज्या खोलीत तो आहे तिथे दार लावून, ‘ड्राय’वर ठेवून, तांदूळ रात्रभर पसरावेत; सकाळी काम झालेले असते. नसेल तर जाड कढईत, अगदी मंद आचेवर, दोन-दोन वाट्या तांदूळ पाच-सहा मिनिटे हाताने परतत राहावेत. हाताने म्हणते ते अशासाठी की हाताला सोसवत नाही इतके तापले तर ते भाजले जाऊ लागतात, आणि भाजल्या तांदळाच्या पिठीला पारीसाठी लागणारी ओढ राहत नाही. तांदूळ तडतडता कामा नये आणि रंगही बदलता कामा नये. मग पुन्हा पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत. ऊन पडलेच तरी मी तांदूळ त्यात ठेवत नाही. तडा गेल्याने पिठीचे काही बिघडत नाही, पण आंबेमोहराचा वास उडतो, आणि आमच्या गच्चीवर कबुतरेही फार आहेत.

काटा नसेल तर दाणा दाढेखाली धरावा. कट्‌कन आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळला. आवाज न होता चपटला तर ओला आहे. पण ही परीक्षा काठावरच्या दाण्याला फसते.

दळण गिरणीतून आणायचे असेल तर “तांदळावरच दळा” असे आधी सांगावे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तशीच दळणे चालू असतात, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. गव्हावर दळले तर पिठीत तांबूस कण येतात, भाजणीवर दळले तर मोदकांना धण्या-जिऱ्याचा वास येतो. आल्याबरोबर पिठी परातीत पसरून पूर्ण गार करावी. गरम पिठी डब्यात भरली की झाकणाला आतून पाणी सुटते आणि दोन दिवस केलेले वाळवण वाया जाते.

ज्यांना दोन-तीन वाट्याच पिठी हवी आहे त्यांनी गिरणीच्या नादी लागू नये. त्यांनी वर सांगितलेल्या 1 किलो 100 ग्रॅमच्या टप्प्यावरच थांबावे, म्हणजे दाणा बोटांना चिकटत नाही पण दाबल्यावर सहज चुरडतो तेव्हा, आणि मिक्सरमध्ये थोडे थोडे, थांबत थांबत फिरवावे. या दमट दाण्याची पिठी घरच्या मिक्सरवरही फार तलम होते. मात्र ती त्याच दिवशी वापरावी किंवा फ्रीझरमध्ये ठेवावी. तिच्यात पाणी आधीच असल्यामुळे उकडीला वाटीस वाटी पाणी न घेता पाऊण वाटीपासून सुरुवात करावी.

चाळायला मैद्याची चाळणी घ्यावी. चाळणी बाजूने टपली मारत हलवावी. तळहाताने पिठी घासून खाली उतरवू नये, कारण घासले की न उतरणारी कणीही उतरते. वर उरलेला भाग पुन्हा मिक्सरमधून फिरवून एकदा चाळावा आणि त्यानंतरही उरेल तो घावनांसाठी बाजूला काढावा. आमच्याकडे किलोमागे साधारण वाटीभर उरतो. कुणी सुती कापडातून वस्त्रगाळ करतात. पूर्ण कोरड्या पिठीला ते जमते, पण दमट पिठीचे कापडावर थापटे होतात.

चाळणी पुरेशी झाली की नाही, ते चमचाभर पिठीची उकड काढून एक पारी करून पाहिले की कळते. कड चिरली तर बोट पाण्यात बुडवून गोळा पुन्हा मळावा. त्याने चीर मिटली तर पाणी कमी होते, पिठी चांगली आहे. तरीही त्याच जागी, करवतीसारखी कड फाटत असेल तर पिठी जाड आहे आणि कितीही मळून उपयोग नाही. परत चाळायला घ्यावी.

राहिला टिकण्याचा प्रश्न. पूर्ण वाळवलेली, गार केलेली पिठी घट्ट झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात पावसाळ्यातही तीन आठवडे निश्चिंत राहते. त्यापुढे पोरकिड्यांची भीती असते. फ्रिजमध्ये ती दोन-तीन महिने चांगली राहते. डबा भरण्याआधी पिठी पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवली तर किड्यांची अंडीही मरतात. फ्रिजमधला डबा बाहेर काढल्यावर तासभर तरी उघडू नये, नाहीतर खाडीवरची सगळी दमट हवा गार पिठीवर येऊन बसते. मी चतुर्थीच्या दहा दिवस आधी दोन किलो तांदूळ भिजवते. त्यातली दीड किलो पिठी मोदकांना लागते आणि उरलेली गौरी जेवून गेल्यावर, मुलांच्या हट्टापायी, निवगऱ्यांत संपते.