तीन नळ्यांची दुर्बीण: पुसट नाव लागलं, पण एक भिंग कमी निघालं

मागच्या नोंदीत जिचा उल्लेख केला होता, त्या तीन नळ्यांच्या पितळी दुर्बिणीवर या महिन्यात बरंच काम झालं. सर्वांत बारीक नळीवर, डोळ्याकडच्या टोकाजवळ, नाव कोरलेलं आहे. दुर्बीण उघडताना-मिटताना बोटं नेमकी तिथेच लागतात आणि पॉलिशचा फडकाही तिथेच जास्त फिरतो. त्यामुळे नाव जवळपास गेलेलं होतं. ‘ब्राउन’सारखं काहीतरी आणि शेवटी ‘लंडन’, एवढंच दिसत होतं.

पॉलिश अजिबात लावलं नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च नळीला जवळपास टेकवून आडवा प्रकाश टाकला आणि नळी हळूहळू फिरवत राहिलो. नंतर नळीभोवती पातळ बटरपेपर गुंडाळून त्यावर मऊ शिशाची पेन्सिल आडवी घासली. कागदावर उमटलं ते डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा जास्त होतं, पण अक्षरं तुटलेलीच होती.

अशा जुन्या दुर्बिणींवरचं कोरीव नाव बहुतेक तिरक्या कर्सिव्ह वळणात असतं. वरून खाली येणारी रेघ कारागीर दाबून कोरायचा, म्हणून ती जाड आणि खोल असते. खालून वर जाणारी रेघ केसासारखी बारीक आणि उथळ असते. घासलं की आधी बारीक रेघा जातात, आणि मग ‘एन’ हे अक्षर राहत नाही, दोन सुट्या उभ्या काठ्या उरतात. म्हणून अक्षरं वाचण्याऐवजी मी काठ्या मोजल्या. ‘ब्राउ’नंतर पाच काठ्या होत्या, त्यांतल्या तिसरीवर टिंब होतं, आणि पुढे ओळीखाली उतरणारी शेपटी होती. ‘ब्राउन’ असतं तर काठ्या इतक्या भरल्या नसत्या आणि शेपटीही आली नसती. पाच काठ्या म्हणजे ‘एन’, ‘आय’, ‘एन’, आणि शेपटी ‘जी’ची. ते ‘ब्राउनिंग’ होतं. त्याच्या आधी ‘एस’चा मोठा बाक, आणि ‘अँड’च्या चिन्हानंतर ‘आर’ची जाड काठी. ‘स्पेन्सर, ब्राउनिंग अँड रस्ट, लंडन’.

शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. ‘रस्ट’ असलेलं हे नाव 1784 ते 1840 या काळातलं. त्यानंतर ‘स्पेन्सर, ब्राउनिंग अँड कंपनी’ येतं. हेच कारखानदार इतरांच्या ऑक्टंटचे, म्हणजे जहाजावर कोन मोजायच्या उपकरणाचे, अंशांचे कंसही आखून देत. म्हणून हस्तिदंती कंसावर ‘एसबीआर’ ही बारीक खूण आणि नावाच्या पट्टीवर भलत्याच दुकानदाराचं नाव, असं दिसलं तर दचकू नका. ती जोडी खोटी नसते. खोटं ओळखायचं ते तारखेवरून. होकायंत्रावर ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, 1917’ असं असलं तर प्रश्नच मिटतो, कारण त्या नावाची कंपनीच 1947 मध्ये झाली. झिजेवरूनही कळतं. नकलेवर जाड आणि बारीक रेघा सारख्याच पुसट असतात, कारण मुळात सगळ्या एकाच खोलीच्या असतात.

नाव लागल्याचा आनंद फार टिकला नाही. दूरच्या खांबावर दुर्बीण रोखली तर चित्र सुलट दिसत होतं, पण तिन्ही नळ्या पूर्ण ताणूनही ते स्पष्ट होईना. अजून दोन बोटं नळी बाहेर आली असती तर जमलं असतं, असं वाटत राहिलं.

अशा दुर्बिणीच्या बारीक नळीत चार भिंगं असतात: डोळ्याकडे दोन, आणि आतल्या टोकाला छोट्या नळकांड्यात दोन. आतली जोडी चित्र सुलट करते. ती अख्खी हरवली तर नळ्या बऱ्याच आत ढकलल्यावर चित्र स्पष्ट दिसतं, पण उलटं. एकच भिंग गेलं तर उरलेलं भिंग चित्र सुलट करतं खरं, पण ते फार मागे पाडतं, आणि तिथवर नळी पोहोचत नाही. माझ्या दुर्बिणीचं तेच झालं होतं. नळकांडं उघडलं तर पुढच्या टोकाचे आटे रिकामे होते आणि त्यांत जुना काळा मळ घट्ट बसलेला होता. म्हणजे भिंग हल्ली पडलेलं नाही. मागे कुणीतरी साफ करायला काढलं आणि परत बसवलंच नाही.

डोळ्याकडच्या टोपीत आणखी एक उणीव सापडली. आतल्या बाजूला छोट्या स्क्रूचं रिकामं भोक आहे आणि त्याभोवती कमानीसारखा घासल्याचा ओरखडा. तिथे फिरणारी झडप होती.

पुढचं मोठं भिंग मात्र शाबूत आहे. दिव्याची प्रतिबिंबं त्यात चार दिसतात, म्हणजे दोन्ही काचा आहेत आणि मध्ये फट आहे. वहीत लिहिलं: नाव मूळचं, मोठं भिंग मूळचं, आतलं एक भिंग नाही, झडप नाही. आता नळकांड्याचा आतला व्यास कॅलिपरने मोजून त्यात बसतील अशी वेगवेगळ्या फोकल लांबीची दोन-तीन साधी भिंगं आट्यांना धक्का न लावता, कागदाच्या कड्यात धरून घालून पाहणार आहे.