पीसीओडी नव्हतंच, जेवण कमी पडत होतं

सोनोग्राफीच्या त्या एका कागदाचा राग अजून गेलेला नाही. त्या कागदापायी माझे पाच महिने गेले. नडगीचं हाडही बहुधा त्यातच दुखावलं.

मी 3000 आणि 5000 मीटर पळते. तेव्हा अठरा वर्षांची होते, बारावी नुकतीच संपलेली. पहाटे पाचला अंबाझरीला सराव, रोजचे सरासरी 12 किलोमीटर. उपाशीपोटी पळायचं, घरी येऊन आंघोळ, मग कॉलेज, आणि पहिला घास साडेनऊला. मे महिन्यात तर नागपूरच्या उन्हात भूकच मरते. ताक आणि टरबुजावर दुपार निघायची. जुलैत पाळी आली, त्यानंतर आलीच नाही. मैत्रिणी म्हणायच्या, पळणाऱ्या मुलींचं असंच असतं, उलट बरंच आहे. मलाही ते सोयीचं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नोव्हेंबरात आईच्या लक्षात आलं. "चार महिने झाले न बाई, तू सांगून नाही राहिली?" ती मला शहरातल्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. पाणी पिऊन सोनोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये दोन्ही बीजकोशांत फॉलिकल, म्हणजे बीजांडांच्या बारीक पिशव्या, जास्त दिसत असल्याचं लिहिलं होतं. दहा मिनिटांत निदान झालं, पीसीओडी. भात आणि गोड बंद करायचं, व्यायाम वाढवायचा, आणि 21 दिवसांच्या हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या. मी किती पळते, काय खाते, हे कुणी विचारलं नाही. रक्ततपासणीही झाली नाही.

मी आज्ञाधारकपणे भात सोडला. म्हणजे ज्या गोष्टीची कमतरता होती, तीच आणखी कमी केली. गोळ्यांचं पाकीट संपलं की रक्तस्राव व्हायचा आणि घरात सगळ्यांना हायसं वाटायचं. तो रक्तस्राव म्हणजे पाळी परतल्याची खूण नव्हती. बाहेरून दिलेलं हार्मोन थांबलं की गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढाच त्याचा अर्थ. बीजकोश तसेच झोपलेले होते. महिन्याला ठिपका पडला की धोक्याची सगळ्यात ठळक खूण झाकली जाते, आणि माझी पाच महिने झाकली गेली.

बाकीच्या खुणा होत्या, मी त्या जोडल्या नाहीत एवढंच. डिसेंबरात हात बर्फासारखे गार. रात्री तीनला जाग. सर्दी झाली की पंधरा दिवस जायची नाही. सराव वाढवला तरी 5000 चा वेळ होता तिथेच. वजन मात्र 48 वरून हललं नव्हतं, म्हणून जेवण पुरतंय असंच सगळ्यांना वाटत होतं. आता कळलं की कमी मिळालं की शरीर आधी स्वतःचा खर्च कापतं. पाळी, हाडांची दुरुस्ती, अंगातली ऊब यांत काटकसर करतं, आणि काटा तिथेच राहतो.

फेब्रुवारीत डाव्या नडगीत आतल्या बाजूला एका बोटाएवढ्या जागेवर दुखायला लागलं. आधी पळताना, मग जिना चढताना, मग झोपेतही. एक्स-रे स्वच्छ आला. (सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा, एक्स-रेवर बहुतेकदा दिसतच नाही. एका बोटाएवढ्या जागेवर दाबून दुखत असेल तर एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पळायला जाऊ नका.) एप्रिलमध्ये एमआरआय झाला आणि हाडाला ताणाची इजा निघाली.

एमआरआय वाचणाऱ्या क्रीडावैद्यक डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला. आईने अभिमानाने सांगितलं, "आता नियमित येते, गोळ्यांनी." त्यांनी जुनी सोनोग्राफी मागवली. त्यात एक ओळ होती, जी आम्ही कुणी वाचलीच नव्हती: गर्भाशयाचं अस्तर फक्त 3 मिलिमीटर. पीसीओडीमध्ये अस्तर वाढवणारं हार्मोन, इस्ट्रोजेन, असतं, त्यामुळे अस्तर सहसा इतकं पातळ नसतं. आणि पहिली पाळी आल्यावर आठ वर्षांच्या आत फॉलिकल जास्त दिसणं सामान्यच असतं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्या वयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. माझी पहिली पाळी तेराव्या वर्षी आली होती. चेहऱ्यावर केस नाहीत, मुरुमं नाहीत. म्हणजे त्या निदानाला आधारच नव्हता.

गोळ्या थांबवल्या. त्या चालू असताना हार्मोनची तपासणी करून काही कळत नाही, त्यामुळे दोन महिने थांबावं लागलं. ती वाट पाहणं फार जड गेलं. जूनमध्ये रिपोर्ट आले: बीजकोशांना चालना देणारं एलएच आणि इस्ट्रोजेन दोन्ही कमी, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, फक्त 11. हिमोग्लोबिन मात्र नॉर्मल होतं, फेरिटिन वेगळं मागावं लागतं. गर्भधारणेची चाचणीही झाली. मला लाज वाटली, पण पाळी बंद असेल तर ती सगळ्यांचीच करतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कण्याची घनता वयाच्या मानाने कमी निघाली, झेड-स्कोअर उणे 1.3.

मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला. चरबी सोडून माझं वजन सुमारे 40 किलो. मी दिवसाला साधारण 1700 कॅलरी खात होते. पळायला किलोमीटरमागे किलोमागे अंदाजे एक कॅलरी लागते, म्हणजे 12 किलोमीटरला 580. उरल्या 1120. त्याला 40 ने भागलं की 28. हा आकडा 45 च्या आसपास हवा, आणि 30 च्या खाली बऱ्याच मुलींची पाळी आणि हाडं बिघडायला लागतात. 30 ही काही पक्की रेघ नाही, प्रत्येकीचं थोडं वेगळं असतं. पण मला रोज सुमारे 700 कॅलरी कमी पडत होत्या, हे समोर दिसलं. या अवस्थेला 2014 मध्ये ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी रेड-एस असं नाव दिलं. खेळाचा खर्च वजा केल्यावर शरीर चालवायला पुरेशी ऊर्जा न उरणं, असा त्याचा अर्थ.

या 700 कॅलरी भरून काढणं सोपं निघालं. पळण्याआधी एक केळं, 100. पळून येताच अर्ध्या तासात एक मोठा पेला सायीचं दूध, 160. सोबत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, 225. भात परत आला, एक वाटी आणि त्यावर चमचाभर तूप, 240. भूक लागायची वाट पाहायची नाही. जोरदार सरावानंतर भूक दबलेली असते, तिच्यावर विसंबून आम्ही फसतो. उपाशीपोटी पळून साडेनऊपर्यंत कोरडं राहणं हे वेगळं नुकसान आहे, दिवसाची बेरीज बरोबर असली तरी.

मुलांनाही हे होतं. आमच्या गटातला एक मुलगा वजन उतरवत होता. सततची सर्दी, चिडचिड, आणि लिंगाची सकाळची ताठरता बंद झाल्याचं त्याने डॉक्टरांनी थेट विचारल्यावरच सांगितलं. मुलांना पाळीसारखी खूण नसते, म्हणून हा प्रश्न विचारावाच लागतो.

आठ आठवडे पळणं बंद, त्या काळात पोहणं. जेवण वाढवल्यावर वजन तीन किलोंनी वाढलं आणि मी दोनदा रडले. सरांनी दर सोमवारचा वजनकाटा माझ्यासाठी बंद केला. नोव्हेंबरात, म्हणजे गोळ्या थांबवून सात महिने झाल्यावर, कोणत्याही गोळीशिवाय पाळी आली. कॉलेजच्या स्वच्छतागृहातून आईला फोन केला, ती काही बोलूच शकली नाही.

हाडांना वेळ लागतो. पुढचा डेक्सा येत्या एप्रिलमध्ये आहे. तोपर्यंत आठवड्याला 45 किलोमीटर आणि रोज एक केळं खाऊनच घराबाहेर.