कढईतली कॉफी

डॉक्टरांनी कॉफी बंद केली की सल्ला द्यायला सगळ्यांत आधी डिकॅफवाले येतात. डिकॅफमध्ये थोडं का होईना कॅफिन उरतंच, आणि एका कपानेही छातीत धडधडायला लागणाऱ्या माझ्यासारख्याला ते थोडंही नको असतं. मग उरतात जव, गहू आणि चिकोरी. यांत कॅफिन औषधालाही सापडत नाही. पण कॉफीची आठवण जिभेवर ठेवून पहिला घोट घेतला, तर कपाळाला आठी पडतेच.

कॉफी कडू लागते ती कॅफिनमुळे, असं आपण धरून चालतो. खरं तर त्यातला बराचसा कडूपणा भाजण्यातून येतो, आणि तो जवातूनही काढता येतो. काढता येत नाही ते तेल. कॉफीच्या बीत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं किंवा त्याहून जास्त तेल असतं. वास धरून ठेवतं ते हे तेल, आणि घोट गिळल्यावर चव रेंगाळते तीही त्याच्याच जोरावर. जवात ते जेमतेम दोन टक्के. कॉफीतली बारीकशी आंबट धारही इथे नसते. त्यामुळे जवाची कॉफी खरपूस, गोडसर आणि थोडी पोकळ लागते. डोळे मिटून वास घेतला तर सातूच्या पिठाचा डबा उघडल्यासारखं वाटतं.

जव घरी भाजायला सोपे, फक्त हात थांबता कामा नये. वाटीभर जव लोखंडी कढईत मंद आचेवर घ्यावेत. आधी लाह्यांचा वास येतो, काही दाणे तडतडतात. मग रंग बिस्किटाचा होतो. बरेच जण इथेच गॅस बंद करतात आणि नंतर म्हणतात, ‘ही तर पेज झाली!’ म्हणणं खरं असतं. कमी भाजलेल्या दाण्यातला स्टार्च शाबूत राहतो आणि उकळताना पाणी दाट करतो. गडद तपकिरी रंग येईपर्यंत भाजलं की त्याची चिकटण्याची ताकद बरीच मोडते. मंद आचेवर याला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. धुराची पहिली रेघ दिसली की दाणे लगेच परातीत ओतावेत, कारण तापलेली कढई आच बंद केल्यावरही भाजतच राहते. एक दाणा दातांखाली धरून बघावा. कुरकुरीत फुटून कडसर लागला तर जमलं. राखेची चव आली तर ती दूध-साखरेने झाकली जात नाही, घाणा टाकून द्यावा. दळायचंही जाडसर, रव्याइतपत. पीठ केलंत तर पुन्हा पेज.

गव्हाचीही रीत हीच. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर अशीच गव्हाची कॉफी पीत असत. मला मात्र गव्हापेक्षा जव आवडतो. गहू फारच पोळीच्या वळणावर जातो.

जवातली पोकळी भरायला चिकोरी हवी. हे एक मूळ. आपल्याकडे ते गुजरातेत जामनगरच्या बाजूला पिकतं. त्यात स्टार्चऐवजी इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. भाजताना त्याची साखर होते आणि ती करपत करपत काळी पडते. म्हणून चिकोरीचा रंग कॉफीहून गडद आणि चव काकवीसारखी, मागून कडू. नुसती प्यायली तर औषध वाटते. दोन चमचे भाजलेल्या जवाला एक चमचा चिकोरी, दोन कप पाणी, तीन-चार मिनिटांची उकळी, मग गाळून गरम दूध, हे माझ्या तोंडाला बसलेलं प्रमाण. स्टीलच्या फिल्टरच्या वाटेला जाऊ नये. नुसती चिकोरी पाण्यात भराभर विरघळते, चिकट होऊन भोकं बुजवते आणि खाली थेंब पडत नाही.

याच इन्युलिनमुळे पोट फुगतं, तेव्हा दिवसाला कप-दीड कप पुरे. गव्हाचं ग्लूटेन ज्यांना चालत नाही त्यांना जवही चालत नाही, त्यांनी नुसत्या चिकोरीवर भागवावं. आणि दुकानातलं पाकीट उलटून वाचावं. पुढे ‘चिकोरी’ मोठ्या अक्षरांत असली तरी मागे ‘कॉफी ५३, चिकोरी ४७ टक्के’ असं लिहिलेलं निघतं, म्हणजे निम्म्याहून जास्त कॉफीच.

उन्हाळ्यात मी दुधाच्या भानगडीत पडत नाही. जपानात भाजलेले अख्खे जव पाण्यात उकळून गार करतात आणि उन्हाळाभर पितात, मुगिचा म्हणून. लिटरभर पाण्याला दोन-तीन चमचे अख्खे भाजके जव, दहा मिनिटांची उकळी, गाळून बाटली फ्रिजमध्ये. हे कॉफीसारखं मुळीच लागत नाही. म्हणूनच बहुधा यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.