दीड मीटर मोजायचं ठरवलं तेव्हा

सायकलवरून जाताना एखादी गाडी अगदी खेटून गेली की सायकलवाला म्हणतो, "हातभर अंतर होतं." ड्रायव्हर म्हणतो, "भरपूर जागा सोडली होती." दोघेही खोटं बोलत नसतात, पण मोजलेलं कुणीच नसतं. मला सायकल आणि चारचाकी दोन्ही चालवाव्या लागतात, म्हणून ओव्हरटेक करताना सायकलपासून सोडायचं ते दीड मीटर अंतर मी मोजायचं ठरवलं.

साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतला आणि सीटखालच्या दांड्याला आडवा, गाड्या ज्या बाजूने जातात तिकडे तोंड करून बसवला. आवाजाची लाट गाडीवर आपटून परत यायला किती वेळ लागतो, यावरून तो अंतर काढतो. दीड मीटरवरच्या गाडीसाठी हा वेळ नऊ मिलिसेकंदांहूनही कमी असतो. आधी भिंतीशेजारी उभं राहून टेपने पडताळणी केली. सेन्सर सायकलच्या मधोमध असतो, पण सुरक्षित अंतर हँडलच्या टोकापासून धरायला हवं. माझं हँडल साठ सेंटिमीटर रुंद, त्यामुळे प्रत्येक आकड्यातून तीस वजा करावे लागतात. स्क्रीनवर दीड मीटर दिसलं, तरी खरं अंतर एक मीटर वीस. शिवाय सेन्सरला गाडीचं दार दिसतं, आरसा बहुतेक वेळा दिसत नाही, आणि आरसा तर दाराच्या बाहेर पंधरा-वीस सेंटिमीटर आलेला असतो. भिंती आणि उभ्या गाड्यांचेही आकडे नोंदले जात असल्यामुळे हँडलवर एक बटण लावलं. गाडी ओव्हरटेक करून गेली की ते दाबायचं.

आकडे मी मित्राला दाखवले. तो म्हणाला, "अरे, मी माझ्या लेनमध्येच असतो, कुणाला घासत नाही." मग मोकळ्या अंगणात खडूने साडेतीन मीटरची लेन आखली. सायकल कडेपासून पाऊण मीटरवर उभी केली, कारण त्याहून कडेला खड्डे, गटाराची झाकणं आणि खडी असते. हँडलचं बाहेरचं टोक एक मीटर पाचवर आलं. तिथून दीड मीटर मोजले, तर दोन मीटर पंचावन्न. गाडी आरशांसकट जवळपास दोन मीटर रुंद, म्हणजे तिची दूरची बाजू चार मीटर पंचावन्नवर. गाडी शेजारच्या लेनमध्ये एक मीटरहून जास्त गेलेली!

"मग सायकल अजून कडेला घे," तो म्हणाला. घेतली. मध्य कडेपासून फक्त तीस सेंटिमीटरवर आणला, म्हणजे हँडलचं टोक साठवर. तरीही बेरीज चार मीटर दहा. गाडी लेनच्या बाहेरच. तेव्हा तो गप्प झाला. अशा लेनमध्ये मागून येणाऱ्याला पुरेसं अंतर ठेवून त्याच लेनमधून पुढे जाताच येत नाही. सायकल कडेला चिकटली की उलट "जमेल" असं वाटतं आणि तो घुसतो. जर्मनीत 2020 पासून हे अंतर कायद्यात आकड्यानिशी लिहिलेलं आहे, वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत 2022 पासून तासाला तीस मैल वेगापर्यंत किमान दीड मीटर, त्याहून वेगात असाल तर आणखी जास्त.

मला खरा धक्का मिळाला तो रंगाने आखलेल्या सायकल लेनवर. दीड मीटर रुंदीच्या पट्ट्यात मधोमध चाललं तर हँडलच्या टोकापासून पांढऱ्या रेषेपर्यंत फक्त पंचेचाळीस सेंटिमीटर उरतात. ड्रायव्हरला रेष दिसते, तो रेषेच्या आत असतो, त्यामुळे त्याला वळावंसं वाटतच नाही, आणि त्याचा आरसा रेषेवरून आत डोकावत जातो. मध्ये कठडा किंवा रिकामा पट्टा असलेल्या वेगळ्या ट्रॅकवर हा प्रश्नच येत नाही. नुसत्या रंगाच्या लेनवर मी आता रेषेच्या जरा जवळून चालतो, म्हणजे मागून येणाऱ्याला वळावंच लागतं. शेजारी गाड्या पार्क असतील तर उघडणाऱ्या दारासाठी निदान एक मीटर सोडतोच, त्यात लेनचा अर्धा भाग गेला तरी.

स्टिअरिंगवर बसल्यावर दीड मीटर डोळ्यांनी जोखणं मला अजूनही जमत नाही, कारण सायकल दूरच्या बाजूला असते. म्हणून अंदाज करणं सोडलं. समोरून कुणी येत नसेल तरच दुसऱ्या लेनमध्ये जातो, अगदी पुढे गाडी असल्यासारखा. नसेल जमत तर मागे सावकाश राहतो, हॉर्न न देता. पुढे गेल्यावर सायकलस्वार आतल्या आरशात पूर्ण दिसेपर्यंत परत वळत नाही. अवजड वाहनाने तर जास्तच अंतर ठेवायला हवं. त्याच्या हवेच्या झोताने सायकल आधी कडेला ढकलली जाते, मग वाहनाकडे ओढली जाते.

पादचाऱ्यांसोबतच्या सामायिक मार्गावर मात्र गाडीच्या जागी मी असतो. मुलं आणि कुत्री कुठेही वळतात, म्हणून लांबूनच घंटी वाजवतो आणि मार्ग अरुंद असेल तर चालण्याच्या वेगाने जातो. एका आजोबांनी मला थांबवून सांगितलं होतं, "घंटी वाजवता ते बरं, पण अगदी पाठीशी येऊन नको. दचकून आम्ही नेमके तुमच्याच बाजूला सरकतो."