टिन्याचा हात: ताठ, पण वजनदार

टिन्याचं मॉडेल आणि रिग, म्हणजे ते हलवणारा हाडांचा सांगाडा, गेल्या नोंदीत झालं होतं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी: टिन्या हा जुन्या कारखान्यातला, माणसाच्या उंचीचा, दोन हात आणि दोन पाय असलेला रोबोट. पहिल्या शॉटमध्ये तो टेबलावरचा चहाचा ग्लास उचलतो, बाकी काही घडत नाही. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, 24 फ्रेम प्रति सेकंद. ही नोंद फक्त त्याच्या उजव्या हाताबद्दल आहे.

रोबोट ताठ दिसायला हवा असेल तर सगळ्या की, म्हणजे ठरावीक फ्रेमला नोंदवलेल्या स्थिती, लिनिअर करून टाका, म्हणजे दोन कींमधला वेग एकसारखा ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. लिनिअरमध्ये हात एका फ्रेमला थांबलेला असतो आणि पुढच्याच फ्रेमला पूर्ण वेगात. लोखंडाचा हात असा हलूच शकत नाही, कारण मोटरला त्याचं वजन ढकलून वेग पकडायला थोडा तरी वेळ लागतो. त्यामुळे लिनिअर हालचाल रोबोटची वाटत नाही, वजनच नसलेल्या चित्राची वाटते. खऱ्या औद्योगिक रोबोटचा सांधा थोडा वेळ वेग वाढवतो, मग बराच वेळ एकाच वेगाने जातो आणि शेवटी तितक्याच वेळात वेग उतरवतो. वेगाचा आलेख काढला तर समलंब चौकोन दिसतो.

माणसाच्या हाताचा आलेख घंटेसारखा असतो. वेग अर्ध्या वाटेपर्यंत वाढत जातो आणि मग उतरत जातो, मध्ये सपाट भाग असा नसतोच. फ्लॅश आणि होगन या संशोधकांनी 1985 मध्ये या हालचालीचं जे गणित मांडलं, त्यात मधला सर्वोच्च वेग सरासरी वेगाच्या 1.875 पट येतो. टिन्याच्या हाताला मी जो समलंब दिला आहे त्यात तो 1.25 पट आहे. अंतर तेच आणि वेळही तोच, तरी एक हात मधे झेपावतो आणि दुसरा सरकत जातो. पाहणाऱ्याला आकडे ठाऊक नसले तरी हा फरक लगेच कळतो.

आता प्रत्यक्ष की. कोपर 20 फ्रेममध्ये 60 अंश वळायचं आहे आणि वेग वाढवायला व उतरवायला प्रत्येकी 4 फ्रेम द्यायच्या आहेत. `d` म्हणजे एकूण अंश, `n` म्हणजे एकूण फ्रेम, `a` म्हणजे वेग वाढवायच्या फ्रेम:

```
v = d / (n - a)
s = v * a / 2
```

`v` इथे 60 भागिले 16, म्हणजे फ्रेमला 3.75 अंश. `s` म्हणजे पहिल्या 4 फ्रेममध्ये होणारं वळण, 7.5 अंश. म्हणून, कोन सुरुवातीच्या स्थितीपासून मोजले तर, की अशा बसतात: फ्रेम 0 ला 0 अंश, 4 ला 7.5, 16 ला 52.5 आणि 20 ला 60. हँडल हाताने ओढायची गरज नाही. पहिल्या कीला `T` दाबून `Quadratic`, दुसरीला `Linear`, तिसरीला पुन्हा `Quadratic`. ब्लेंडरमध्ये कीचा प्रकार तिच्यानंतरच्या तुकड्याला लागू होतो, हे ध्यानात ठेवा. तिसऱ्या कीवर `Ctrl+E` दाबून `Ease Out` मुद्दाम निवडावं लागतं. आपोआप सोडलं तर ते `Ease In` धरतं आणि हात थांबण्याच्या ऐन क्षणी वेग घेतो. ग्राफ एडिटरमध्ये फ्रेम 16 ला रेघ मोडल्यासारखी दिसली तर हेच राहून गेलंय असं समजा. सगळं बरोबर असेल तर तिन्ही तुकडे कोन न पडता एकमेकांत मिसळतात.

हे आकडे बसण्याआधी रिग तसं असावं लागतं. पोझ मोडमधली हाडं सुरुवातीला `Quaternion` वर असतात. मी ती सगळी `XYZ Euler` वर आणली, म्हणजे एक बिजागरी म्हणजे एकच कर्व्ह. कोपराला फक्त एक अक्ष मोकळा ठेवला, बाकी दोघांना कुलूप. `Limit Rotation` लावून, `Local Space` निवडून, कोपर 5 ते 130 अंशांत बांधलं. पत्र्याचे भाग थेट हाडाला जोडले आहेत, वेट पेंटिंग केलेलं नाही, त्यामुळे पत्रा कुठेही वाकत नाही.

सर्वात जास्त विचार खांदा आणि मनगटाचा करावा लागला, कारण माणूसपण तिथूनच डोकावतं. आपण हात वर नेतो तेव्हा खांद्याचं पातंही फिरतं, म्हणून खांदा उचलला जातो. टिन्याच्या खांद्याची तबकडी छातीला बोल्टने बसवलेली आहे. ती जागची हलत नाही, हात फक्त तिच्याभोवती फिरतो. मनगट फिरवतानाही आपला पीळ कोपरापासून पंजापर्यंत पसरतो, कारण हातातली दोन हाडं एकमेकांवरून जातात. टिन्याच्या हातात तो सगळा पीळ मनगटाआधीच्या एका कड्यात आहे. कड्याच्या अलीकडचा नट स्थिर, पलीकडचा फिरतो. त्या दोन भागांवर मी रंगाचा एकच उभा पट्टा ओढला आहे. कडं फिरलं की पट्टा तुटतो आणि सांधा कुठे आहे ते दुरूनही दिसतं. ज्यांच्या रोबोटची मनगटं मऊ वाटतात त्यांनी हे जरूर करून पाहावं.

पुढची गोष्ट सांध्यांच्या वेळेची. माणसाच्या हालचालीत सगळं एकमेकांवर चढलेलं असतं: नजर आधी जाते, मान मागून येते, खांदा निघाल्यावर मनगट निघतं. ग्लासकडे जाताना आपला पंजाही वाटेतच उघडत जातो आणि साधारण दोन तृतीयांश वेळ झाल्यावर सर्वांत जास्त उघडा असतो. कारखान्यातल्या रोबोटचे सांधे मात्र एकत्र निघतात आणि एकत्र थांबतात. ज्या सांध्याला सर्वांत जास्त वेळ लागणार, बाकीचे त्याच्यासाठी आपला वेग कमी करतात. म्हणून टिन्याचा खांदा 40 अंश वळतो तेव्हा त्याच्या की त्याच फ्रेमवर, कोन मात्र 0, 5, 35, 40. मनगट 20 अंश वळतं, 0, 2.5, 17.5, 20. डोपशीटमध्ये तिन्ही सांध्यांच्या की एकाखाली एक, सरळ रांगेत. मानवी पात्रासाठी ही रांग मोडायला शिकवतात. इथे ती मुद्दाम ठेवायची.

पंजाचं कामही वेगळं काढलं आहे. टिन्या आधी पंजा उघडतो, मग हात ग्लासच्या वर नेऊन थांबतो, मग सरळ खाली उतरतो, पुन्हा थांबतो आणि मग पंजा मिटतो. वर थांबून हळू खाली उतरणं ही औद्योगिक रोबोटची खरी रीत आहे: लांबचा पल्ला सांधे वळवून, शेवटची काही सेंटीमीटर सरळ रेषेत. सांधे वळवून गेलं की पंजाची वाट आपोआप वाकडी होते, माणसाचा हात मात्र अशा पल्ल्यात बऱ्यापैकी सरळ जातो. म्हणजे सरळ रेषा यांत्रिक आणि कमान मानवी ही समजूत निदान हाताच्या बाबतीत टिकत नाही. शेवटच्या उतरणीसाठी मी आय-के चालू करते, म्हणजे पंजा कुठे हवा ते टार्गेटने सांगायचं आणि सांध्यांचे कोन ब्लेंडरने काढायचे, आणि समलंबाच्या त्याच की टार्गेटच्या उंचीला देते. आय-के करताना कोपर भलत्याच दिशेला वळलं तर `Limit Rotation` मध्ये शोधत बसू नका. आय-के सोडवताना ब्लेंडर ती मर्यादा पाहत नाही. हाडाच्या `Inverse Kinematics` पॅनेलमध्ये अक्षांची कुलपं आणि मर्यादा वेगळ्या द्याव्या लागतात.

थांबणं हा माझ्या मते सगळ्यात बोलका भाग. मानवी पात्र थांबलं की त्याला श्वास, किंचित डोलणं असं काही तरी द्यावं लागतं, नाहीतर ते मेल्यासारखं वाटतं. टिन्याचे सांधे थांबले की थांबले; कर्व्ह अगदी सपाट. पण लांब हात 4 फ्रेममध्ये थांबवला तर धातू थरथरणारच. ही थरथर सांध्याच्या कर्व्हमध्ये घातली तर मोटर चाचपडतेय असं वाटतं. म्हणून कोपराच्या हाडाखाली एक जास्तीचं हाड टाकलं आहे, कंट्रोल नसलेलं, आणि पुढचा हात त्याला जोडला आहे. फ्रेम 20 ला त्याचं वळण 0, 21 ला 0.8 अंश, 23 ला उणे 0.4, 25 ला 0.2, 27 ला पुन्हा 0. म्हणजे चार फ्रेमचा एक झोका, प्रत्येक टोकाला निम्मा होत गेलेला. पहिला झोका नेहमी हात जात होता त्याच दिशेला. उलट दिशेला दिला की हात भिंतीला आपटल्यासारखा दिसतो.

इथे एक छान गोष्ट हाती लागते. ओझं वाढलं की झोका संथ होतो. रिकाम्या हाताला चार फ्रेमचा झोका असेल, तर भरलेली बादली धरल्यावर तो सहा-सात फ्रेमचा करायचा आणि वेग उतरवायला 4 ऐवजी 8 फ्रेम द्यायच्या. वजन दाखवायला माणूस कंबर वाकवतो, चेहरा ताणतो. टिन्याकडे यातलं काहीच नाही. त्याचं ओझं फक्त या दोन आकड्यांतून दिसतं. ग्लास हलका आहे, म्हणून या शॉटमध्ये उचलल्यानंतरचा झोका पूर्वीइतकाच ठेवला आहे.

हे सगळं जमलं की नाही ते तपासायला मी मानसशास्त्रज्ञ जोहान्सनच्या 1973 च्या प्रयोगाचा आधार घेते. अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर फक्त दिवे असले तरी बघणाऱ्याला माणूस ओळखता येतो, असं त्यात दिसलं होतं. मी मॉडेल लपवते, खांदा, कोपर, मनगट आणि पंज्याच्या टोकांवर पांढरे गोळे ठेवते, काळ्या पार्श्वभूमीवर रेंडर करते आणि ज्याने टिन्याला पाहिलेलंच नाही अशा कोणाला तरी दाखवते. मॉडेलचा पत्रा दिसत असला की डोळा भुलतो आणि मऊ हालचालही रोबोटची वाटते. नुसत्या ठिपक्यांत तसं होत नाही. धाकट्या भावाला जुनी आवृत्ती दाखवली, ज्यात पंजा वाटेतच उघडत होता. तो लगेच म्हणाला, "ताई, हा कोणी तरी कप घेतोय." नवीन आवृत्तीला त्याचं उत्तर होतं, "ही क्रेन आहे का?" मला हेच ऐकायचं होतं.

हाताचा शॉट इथे बंद. आता पाय. होंडाचा 2000 मधला असिमो गुडघे वाकवून चालायचा आणि कंबर जवळजवळ एकाच उंचीवर ठेवायचा. माणूस टेकलेला पाय सरळ करतो, म्हणून प्रत्येक पावलाला आपली कंबर वरखाली होते. टिन्यासाठी कंबरेच्या हाडाची उंची सपाट कर्व्हवर बांधली आहे आणि गुडघ्याची किमान मर्यादा 20 अंश ठेवली आहे, म्हणजे पाय कधी सरळ होणारच नाही. जागच्या जागी पावलं टाकणं जमतंय. वळताना मात्र पाऊल जमिनीवर घसरतं, कारण कंबरेचं वळण पाऊल उचललं जाण्याआधीच सुरू होतं. पाऊल पूर्ण टेकल्यावरच कंबरेचा सांधा निघेल अशा की बसवणं सध्या चालू आहे.