पत्र्यावरचा पाऊस विरुद्ध ‘किल्ला’

पत्र्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला! मागच्या नोंदीतलं रडगाणं आठवत असेल: जोराची सर आली की गॅलरीच्या पत्र्यावर असा ताशा वाजतो, की टीव्हीतलं एक अक्षर कळत नाही.

यावेळी लावला होता ‘किल्ला’ (2014). कोकणातला पाऊस दिग्दर्शक अविनाश अरुणने स्वतःच कॅमेरा सांभाळून टिपलाय, पावसाळी संध्याकाळी तो हवाच. पण त्यात माणसं कमी आणि हळू बोलतात. आवाज वाढवला तर सिनेमातला पाऊसही वाढतो, आणि त्यातली आई लेकाला, चिन्मयला, काय म्हणाली ते कळत नाहीच.

पत्र्याचा आवाज खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. तो आधी स, श, फ असली नाजूक व्यंजनं गिळतो, म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत. त्यात ऑडिओ 5.1, म्हणजे सहा चॅनेलांचा असेल, तर संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात आणि टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबताना ते बाकीच्या गदारोळात दबतात.

मग लॅपटॉप जोडला. व्हीएलसीत स्टिरिओ ट्रॅक निवडला, मोठ्या-बारीक आवाजांतला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर चालू केला, इक्वलायझरमध्ये बेस उतरवून तीन किलोहर्ट्झच्या आसपास थोडं चढवलं. फरक पडला, पण खरी जादू केली ती जागेने. छोटा स्पीकर टीव्हीजवळून उचलून टीपॉयवर, आमच्या पुढ्यात ठेवला. अंतर निम्मं झालं की उघड्यावर सुमारे 6 डेसिबल वाढतात; खोलीत जरा कमी, तरी पुरतात. वायरनेच जोडा, ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. दुकानदार महागडा साउंडबार गळ्यात मारत होता. तोही टीव्हीखालीच बसणार, मग उपयोग काय?

किल्ल्यात चिन्मय एकटा मागे राहतो तो प्रसंग अखेर नीट ऐकला. आत पाऊस, बाहेर पाऊस, आणि दोन्ही वेगवेगळे कळत होते!

भजीही जमली. कांद्याला मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवला, सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, वरून थेंब नाही. कुरकुरीत झाली, पण चावताना पुन्हा संवाद बुडाले. त्यामुळे भजी श्रेयनामावलीतच संपवायची, पुढे फक्त चहा.

हे लिहितानाच सुचलं, की पावसात काय बघायचं त्याची यादी सिनेमाच्या वर्षावरून नव्हे, सरीच्या जोरावरून लावावी. जुन्या सिनेमांत संवाद बहुधा स्टुडिओत डब केलेले, ठसठशीत असतात, म्हणून मुसळधारेला ‘चुपके चुपके’ (1975). ‘किल्ला’ रिमझिमीसाठी राखीव. मधल्या पावसाला ‘मालगुडी डेज’. शंकर नागने ती मालिका आगुंब्यात चित्रित केली, म्हणजे भरपूर पावसाच्याच गावात. शनिवारी ‘किल्ला’ पुन्हा लावणार होतो, पण अंदाज जोरदार सरींचा आहे, तेव्हा ‘चुपके चुपके’च. आणि भजीऐवजी मऊ थालीपीठ.